मागच्या बाकालाच कळलेला जोक

परीक्षांचं वेळापत्रक लागायच्या आसपास ब्रह्मपुरीच्या कॉलेजांत सेंड-ऑफ सुरू होतात. फायनलवाल्यांसाठी दोन शब्द बोलायला सेकंड इयरचा कोणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, ‘दादा, तो डबा आठवते ना?’ मागचा एक बाक खदाखदा हसतो. बाकीचं सभागृह एकमेकांकडे बघतं. पहिल्या रांगेतले सर उगाच हसल्यासारखं करतात.

जोक वाईट नव्हता, अर्धाच सांगितला गेला. डबा आठवायला तो आधी माहीत असावा लागतो. तिथे बसलेल्यांपैकी निम्मे फर्स्ट इयरचे, आठ महिन्यांपूर्वी आलेले. प्राध्यापक, ऑफिसमधले कर्मचारी, कधी कोणाची आईही येते. त्यांच्यासाठी फक्त दोन वाक्यं जास्त लागतात.

तोच जोक असा सांगून बघा. ‘हे दादा रोज सकाळच्या पहिल्या बसनं येत. घरून निघताना जेवण व्हायचं नाही, म्हणून दुसऱ्या लेक्चरला दहा मिनिटं झाली की मागच्या बाकावर डबा उघडायचा. डब्यात सुक्या झिंग्याची चटणी. दादा लपून खात, पण झिंगा काही लपत नसे. सर फळ्याकडे तोंड करूनच विचारत, आज कोणाकडे झिंगे आहेत जी?’ आता पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे हसतील, कारण सुक्या झिंग्याचा वास आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माणूस अनोळखी असला तरी चटणी ओळखीची आहे.

आणि इथेच थांबू नका. पुढचं वाक्य असं असू द्या: ‘त्या डब्यातली अर्धी भाकर रूमवर राहणाऱ्या आम्हा ज्युनिअर्सची असायची. महिनाअखेरीला तर पूर्णच.’ हसणारा हॉल क्षणभर गप्प होईल. दादांना ‘दीपस्तंभ’ आणि ‘प्रेरणास्थान’ म्हणायची मग गरजच उरत नाही. (हे दोन शब्द यंदा भाषणातून कोणी काढले तर माझ्याकडून चहा.)

हे आपल्याकडे नवीन नाही. नदीपलीकडे वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटक करतात. त्यातला विनोदी नट ज्या गावात प्रयोग असेल तिथलीच एखादी गोष्ट संवादात घुसवतो. मांडवात शेजारच्या गावचे पाहुणेही बसलेले असतात, म्हणून तो ती गोष्ट आधी सगळ्यांना कळेल इतकी उलगडतो आणि मग टोला हाणतो. तुम्ही ते शेणामातीच्या जमिनीवर बसून पाहिलंय. माइकसमोर आलात की मात्र विसरता.

तयारीची पद्धत सोपी आहे. भाषण चार मिनिटांचं, त्यात तीनच किस्से. आदल्या दिवशी ते एखाद्या फर्स्ट इयरवाल्याला ऐकवा, ज्याला ते दादा किंवा ती ताई नीट माहीत नाही. ‘म्हणजे काय?’ असं त्यानं विचारलं, तर तिथे एक वाक्य कमी पडलंय. दोनदा विचारलं, तर तो किस्सा टपरीसाठी ठेवा. रोवणीच्या दिवसांत रिकामा पडणारा वर्ग, एप्रिलच्या उन्हात नुसता आवाज करणारा पंखा, हे विषय इथे कोणालाही समजतात. कोणाचं कोणाशी जुळलं होतं, कोणाचा विषय राहिला, हेही सगळ्यांना समजतं. पण त्यावर हसताना ज्याच्यावर हसताय तो एकटाच हसत नसतो.

आता वाघाबद्दल. उशीर झाला की ‘सर, रस्त्यावर वाघ होता जी’ हा आपला हमखास हशा आहे. पुण्यात हे कोणी सांगितलं तर थाप वाटेल; इथे सरांना चौकशी करावी लागते. म्हणून तो प्रत्येक सेंड-ऑफमध्ये येतोच. पण सेंड-ऑफचे दिवस म्हणजे मोहफुलं वेचायचे दिवस. ब्रह्मपुरी वनविभागात मोह वेचताना, सरपणाला गेल्यावर, धानाच्या बांधीत माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. त्यांची मुलं, भाचे, शेजारी आपल्याच कॉलेजात शिकतात आणि त्या दिवशी हॉलमध्ये बसलेले असू शकतात. सगळ्यांना कळणारा जोक तिथे सगळ्यांना कळतो, आणि एखाद्याला जरा जास्तच कळतो.

माझं मत स्पष्ट आहे: आधी विचारा. ज्या ताईचा किस्सा सांगणार तिला, आणि वाघाचा असेल तर त्या गावाकडच्या पोरांनाही. ‘सरप्राइज जाईल’ म्हणाल, तर जाऊ द्या. ताईला किस्सा आधीच माहीत असला तरी ती हसतेच. उलट बऱ्याचदा तीच सांगते, ‘अरे, तसं नव्हतं झालं, मी सांगते थांब,’ आणि तिच्याकडून येणारी गोष्ट तुमच्या कागदावरच्या गोष्टीपेक्षा चांगली निघते. तीच लिहून घ्या.