आधी कालचं लावा, मग आजचं दुरुस्त करा!

१ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी आपल्या होस्टेलच्या मेस डॅशबोर्डवर जुलैचं बिल झळकलं आणि पहिले काही तास कुणाला काही वावगं वाटलंच नाही. बहुतेकांना २,७०० रुपये. दरवेळी साधारण तेवढंच येतं. पण एका मुलाला चक्क शून्य, आणि आठ तारखेलाच घरी गेलेल्या आमच्या विंगमधल्या एकाला पूर्ण २,७००! तेव्हा मेस सेक्रेटरी माझ्या दारात.

"आज रात्रीपर्यंत शोधून दुरुस्त करतो," मी म्हणालो. हीच माझी चूक. या लेखात मला भांडायचंय ते याच सवयीशी. चुकीचे आकडे समोर लागलेले असताना कारण शोधत बसायचं नसतं. आधी कालचा डॅशबोर्ड परत लावायचा, कारण नंतर.

हे शक्य होतं, कारण आपली स्क्रिप्ट रोज रात्री दोनला जुन्या फाइलवर लिहीत नाही. प्रत्येक रात्रीचा वेगळा फोल्डर होतो. त्यात त्या दिवशीची हजेरी, खर्च, तयार पान आणि ज्या स्क्रिप्टने ते बनलं तिची प्रतसुद्धा असते. (नुसता डेटा मागे नेला आणि हिशोबाची स्क्रिप्ट नवीच राहिली तर तिसरंच काहीतरी दिसतं.) लोक जे पाहतात ते `current`, तो फोल्डर नाही, फक्त एका फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक आहे. मागे जायचं म्हणजे ते बोट वळवायचं:

```
ln -s snapshots/2025-07-31 current.new
mv -T current.new current
```

दोन ओळी का? `ln -sfn` ने एका ओळीत होतं, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जुनी लिंक आधी पुसली जाते आणि मग नवी बनते. नेमकं त्या क्षणी कुणी पान उघडलं तर त्याला काहीच सापडत नाही. `mv` मध्ये अदलाबदल एका झटक्यात होते.

त्याआधी मात्र रात्री दोनचं काम बंद करायचं. नाहीतर तुम्ही निवांत झोपाल आणि स्क्रिप्ट इमानदारीत पुन्हा तोच घोटाळा लावेल.

आता कारण. ३१ तारखेच्या दुपारी हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि ते तारीख महिना-आधी लिहू लागलं. आमची स्क्रिप्ट दिवस-आधी वाचते. 07/01 म्हणजे १ जुलै, तिने वाचला ७ जानेवारी. 07/13 चा तर तेरावा महिना झाला, म्हणून ती ओळ गुपचूप गळाली. मशीन रोज अख्ख्या महिन्याची यादी देतं, त्यामुळे अख्ख्या जुलैत एकच दिवस धड उरला : 07/07. उलटा वाचा, सुलटा वाचा, सात जुलैच!

आणि इथेच गंमत आहे. खरे हजेरीचे दिवस ६,९६०, खर्च ६,२६,४०० रुपये, म्हणजे दर ९० रुपये. पण सात जुलैला जेवले २३२ जण. तोच खर्च भागिले २३२, दर २,७०० रुपये! प्रत्येकाचा एकच दिवस, म्हणून बिलही २,७००. सगळ्यांची बेरीज खर्चाशी तंतोतंत जुळत होती. आमची एकमेव तपासणी तीच होती, ती पास झाली. ज्याचा नेमका सात तारखेला खाडा, त्याला शून्य.

हे सापडलं तेही दोन्ही स्नॅपशॉट शेजारी ठेवले म्हणून. बिघडलेला फोल्डर रागाने उडवला असता तर अजून शोधत असतो. आता एक नवी अट घातलीय : चालू महिन्याचे एकूण हजेरी-दिवस कालच्यापेक्षा कमी होऊच शकत नाहीत. झाले, तर फोल्डर बनतो, पण लिंक हलत नाही.

रेक्टर सरांचा आक्षेप होता की कालचा डॅशबोर्डही अपुराच, त्यात ३१ तारखेचं जेवण नाही. बरोबर आहे. म्हणून पानावर ठळक अक्षरात "३० जुलैपर्यंतची हजेरी, बिल अंतिम नाही" असं लिहिणं हा याच कामाचा भाग आहे. तसं लिहिलेला शिळा आकडा मला ताज्या चुकीच्या आकड्यापेक्षा कधीही चालेल.

एक गोष्ट मात्र लिंक वळवून परत येत नाही. आठ तारखेला गेलेला तो मुलगा वडिलांच्या ऑपरेशनसाठी घरी होता. त्याचे सात दिवस, ६३० रुपये. त्याने सकाळी साडेसातलाच हॉस्पिटलमधून २,७०० भरून टाकले होते. मी लिंक वळवली दुपारी सव्वादोनला, शोधाशोध अर्धवट सोडून. तोवर आणखी दहा जणांनी पैसे भरले होते. त्यांची यादी हाताने काढावी लागली, आणि त्याचे २,०७० रुपये परत पोचायला चार दिवस लागले.