वीजबिलाचा फोटो पाठवला. पण नेमके विचारायचे काय?

सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर महावितरणच्या बिलाचा फोटो येतो. खाली एक शब्दही नसतो. लगेच उत्तरे सुरू होतात : 'दर वाढलेत', 'मीटर फास्ट आहे', 'तक्रार करा'. खरे तर त्या फोटोत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. बिलातल्या रकमा कशाच्या आहेत, हा एक. बिल चुकले आहे का, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर त्या एका कागदावरच मिळते. स्थिर आकार हा जोडणी असल्याबद्दल असतो; घर महिनाभर बंद असले तरी तो लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटप्रमाणे वाढतात. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलू शकतो. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. हे आकार खटकू शकतात. पण त्यांचे बिलावर असणे ही चूक नव्हे.

चूक शोधायची तर एक फोटो पुरत नाही. मागचे बिल आणि मीटरवरचा आजचा आकडाही हवा. बिलातल्या 'चालू रीडिंग'पेक्षा मीटरवर आज कमी आकडा दिसत असेल, तर रीडिंग चुकले आहे, हे तिथेच स्पष्ट होते.

एक उदाहरण घेऊ. मागील रीडिंग 4820, चालू रीडिंग 5230. वापर 410 युनिट. एरवी घरात महिन्याला 200च्या आसपास युनिट लागतात. मीटर बिघडले का? मागचे बिल काढले, तर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा आहे आणि सरासरीने 90 युनिट आकारले आहेत. म्हणजे हे 410 युनिट दोन महिन्यांचे, महिन्याला 205. वापर नेहमीचाच आहे.

मात्र इथेच दोन गोष्टी तपासायला हव्यात. आधीच्या 90 युनिटची रक्कम वजा झाली आहे का? आणि टप्पे दोन महिन्यांचे धरले आहेत का? घरगुती दराचा पहिला टप्पा महिन्याला 100 युनिटचा, म्हणजे दोन महिन्यांचे 200 युनिट स्वस्त दराने हवेत आणि उरलेले 210 दुसऱ्या टप्प्यात. एकाच महिन्याचा वापर धरला, तर 300च्या वरचे 110 युनिट तिसऱ्या, महाग टप्प्यात जातात. ही खरी चूक ठरते.

तक्रार करताना दोन्ही बिले आणि मीटरचा तारखेसह फोटो जोडावा. बिल मात्र थकवू नये. वीज कायदा 2003च्या कलम 56नुसार, मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

फोटोसोबत एक ओळ लिहिली तरी पुरे : 'आकार समजावून सांगा' की 'युनिट जास्त वाटतात'. पहिल्याला शेजारी उत्तर देऊ शकतो. दुसऱ्यासाठी मीटरपाशीच जावे लागते.