बॅटरी मोठी म्हणजे गाडी स्वस्त? आधी हा भागाकार करा



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एक ताई दुकानात आल्या. त्यांचा डब्यांचा व्यवसाय आहे. सकाळी २२ किलोमीटरची फेरी, संध्याकाळी १८ ची, म्हणजे दिवसाला ४०. काउंटरवर त्यांनी दोन पत्रकं ठेवली. एकाच कंपनीची स्कूटर. एक २.५ किलोवॅट-अवर बॅटरीची, पत्रकावर रेंज १०० किलोमीटर. दुसरी ३.७ किलोवॅट-अवरची, रेंज १५०. दोघींच्या किमतीत २६ हजारांचा फरक. शोरूमवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "मोठी घ्या, बॅटरी मोठी म्हणजे चालवायला स्वस्त." त्या म्हणाल्या, "सर, हप्ता थोडा वाढेल, पण रोजचा खर्च वाचणार असेल तर मोठीच घेते."

माझं मत स्पष्ट आहे. त्या शोरूमवाल्याचं वाक्य चुकीचं आहे, आणि छोट्या व्यावसायिकांचे पैसे नेमके याच वाक्यामुळे अडकतात. का ते आज हिशेबानेच दाखवतो.

हा आकडा टाकीचा आहे, ॲव्हरेजचा नाही

किलोवॅट-अवर हा शब्द ऐकून घाबरू नका. तुमच्या लाइट बिलावर जे "युनिट" असतं ना, तेच हे. १ किलोवॅट-अवर म्हणजे १ युनिट. २.५ ची बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज मावेल एवढी टाकी. पेट्रोलच्या गाडीची टाकी ५ लिटरची आहे का ७ लिटरची, यावरून ती लिटरला किती चालते हे कळतं का? नाही. इथेही तसंच.

(मोटरचा आकडा किलोवॅटमध्ये असतो. ती ताकद झाली. "४ किलोवॅट" आणि "४ किलोवॅट-अवर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रक वाचताना गल्लत करू नका.)

गाडीचं ॲव्हरेज काढायचं तर बॅटरीला रेंजने भागा. ताईंच्या समोरच भागलं. २.५ किलोवॅट-अवर म्हणजे २५०० वॅट-अवर, भागिले १०० किलोमीटर, उत्तर २५. दुसरी, ३७०० भागिले १५०, उत्तर जवळपास २५ च. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांनुसार दोन्ही गाड्या किलोमीटरला सारखीच वीज खातात. मग मोठी स्वस्त कुठून झाली? मोठीत फक्त टाकी मोठी आहे, आणि त्या टाकीचे २६ हजार आहेत.

पत्रकावरचे २५ रस्त्यावर किती होतात

आता हे २५ सुद्धा खरे मानू नका. पत्रकावरची रेंज ही ठरलेल्या चाचणीतली असते, ठरावीक वेगाच्या चक्रावर काढलेली. तुमच्या डिक्कीतले डबे, मागे बांधलेली खोकी, चढ, खड्डे आणि दर दोनशे मीटरला थांबणं त्यात नसतं. वेग वाढवला की हवेचा अडथळा फार झपाट्याने वाढतो. त्यामुळे ६० च्या वेगाने हायवेला गेलात तर तीच गाडी ४० च्या वेगापेक्षा बरीच जास्त वीज खाते.

मी स्वतः याच चुकीतून गेलोय. माझी डिलिव्हरीची स्कूटर ३ किलोवॅट-अवरची. पत्रकावर १२० किलोमीटर होतं आणि मी त्या आकड्यावर विसंबून दिवसाचे राउंड आखले. पहिल्याच आठवड्यात ७० च्या आसपास गेल्यावर पोटात गोळा यायला लागला. गाडी बिघडली असं वाटून शोरूमला फेऱ्या मारल्या. गाडी चांगली होती, माझा हिशेब बिघडला होता.

मग मी मोजलं. प्लगला लावायचं छोटं वीज मीटर मिळतं, काही शे रुपयांत. रविवारी रात्री गाडी पूर्ण चार्ज केली, मीटर शून्यावर आणलं, किलोमीटर लिहून ठेवले. सोमवार ते शनिवार नेहमीसारखं काम केलं, रोज त्याच मीटरवरून चार्ज, आणि शनिवारी रात्री पुन्हा पूर्ण चार्ज. सहा दिवसांत ३१२ किलोमीटर झाले आणि मीटरवर १२.६ युनिट. भागाकार केला, किलोमीटरला साधारण ४० वॅट-अवर.

हे ४० भिंतीतून घेतलेले. चार्जर आणि बॅटरी गरम होण्यात साधारण दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. त्यामुळे बॅटरीतून प्रत्यक्षात खर्च झाले किलोमीटरला ३५ च्या आसपास. हे दोन आकडे वेगळे लिहून ठेवा. गाडी किती लांब जाईल हे ३५ सांगतो, आणि बिल किती येईल हे ४० सांगतो. बहुतेक जण एकच आकडा दोन्हीकडे वापरतात आणि मग बिल जास्त आलं म्हणून ओरडतात.

ताईंचा हिशेब

त्यांचं काम माझ्यासारखंच, ओझं आणि थांबे. म्हणून मी त्यांच्यासाठी ३५ धरले. ४० किलोमीटर गुणिले ३५ म्हणजे १४०० वॅट-अवर, रोज. मग २.५ ची बॅटरी पुरेल का? नव्या बॅटरीला सहज पुरेल. पण आपण गाडी आजच्यासाठी घेत नाही, तीन-चार वर्षांसाठी घेतो.

इथे दोन गोष्टी वजा करा. एक, कुणीही गाडी शून्यापर्यंत चालवत नाही. शेवटचे पंधरा टक्के मनाच्या शांतीसाठी सोडावेच लागतात. दोन, बॅटरी वापरून म्हातारी होते. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच बदलून मिळते. म्हणजे ७२ टक्के उरली तर गाडी तुमची, अडचणही तुमची. ७० टक्क्यांतून ते राखीव पंधरा टक्के काढले की साधारण ६० टक्के हातात राहतात.

म्हणून माझा नियम असा: दोन चार्जिंगच्या मधली लागणारी वीज भागिले ०.६. ताईंचे १४०० भागिले ०.६ म्हणजे २३३३. २.५ ची बॅटरी वॉरंटीच्या टोकाला पोचली तरी दिवस निघतो. आणि त्या तर दुपारी घरीच असतात, दोन फेऱ्यांच्या मध्ये चार्ज लावू शकतात. मग लागणारी वीज फक्त २२ किलोमीटरची उरते. दिवसाचे एकूण किलोमीटर बघू नका, दोन चार्जिंगमधली सगळ्यात लांब फेरी बघा.

आता खर्च. भिंतीतून ४० वॅट-अवर, म्हणजे दिवसाला १.६ युनिट. युनिटला सगळं धरून १२ रुपये पकडले तर १९ रुपये. जुन्या पेट्रोल स्कूटरला, ४५ चं ॲव्हरेज आणि १०५ रुपये लिटर धरून, ९३ रुपये लागत होते. रोजचे ७४ वाचले, महिन्याचे २६ दिवस धरले तर १९०० च्या वर. हे ७४ रुपये छोट्या बॅटरीवरही वाचतात आणि मोठीवरही तेवढेच वाचतात. मोठी घेतली असती तर जादाचे २६ हजार फेडायलाच साडेतेरा महिन्यांची बचत गेली असती, तीही व्याज न धरता.

१२ रुपये कुठून आले

इथे लोक फसतात. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करू नका. महावितरणचं घरगुती बिल स्लॅबचं असतं: १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. गाडीचे युनिट तुमच्या घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना वरच्या स्लॅबचा दर लागतो. ताईंच्या घरी १८० युनिट जातात. गाडीचे ४२ मिळवले तर २२२, स्लॅब तोच. पण घरी आधीच २८० जात असतील तर ४२ पैकी २२ युनिट ३०० च्या पुढे जाऊन महाग पडतील. दुकानाच्या कनेक्शनवर चार्ज करत असाल तर दर वेगळा. तेव्हा तुमचं बिल काढा आणि शेवटच्या युनिटला काय पडतं ते बघा. वहन आकार आणि वीज शुल्क त्यात धरा.

मोठी बॅटरी कुणी घ्यावी

मी मोठ्या बॅटरीच्या विरोधात नाही. तुमची एक फेरी ६० किलोमीटरची असेल आणि मध्ये चार्जिंगची सोय नसेल, तर ६० गुणिले ३५ भागिले ०.६, उत्तर ३५००. तुम्हाला ३.७ चीच हवी, २.५ घेतलीत तर दोन वर्षांत रस्त्यात उभे राहाल.

मोठीची आणखी एक खरी बाजू आहे. तेवढ्याच कामाला तिची कमी टक्के वीज खर्च होते, म्हणून ती किलोमीटरच्या हिशेबात जास्त टिकते. पण हा फायदा पैशात मोजा. शोरूमला विचारा, "आज ही बॅटरी नवीन टाकायची तर किती?" उत्तर लेखी घ्या. समजा ४५ हजार सांगितले आणि चार वर्षांत ५० हजार किलोमीटर झाले, तर किलोमीटरला ९० पैसे नुसते बॅटरीचे. विजेचे ४८ पैसेच होतात! दोन्ही मिळून १ रुपया ३८, पेट्रोलचे २ रुपये ३३. गाडी परवडतेच, पण "२० पैशांत किलोमीटर" ही जाहिरात तुमच्या धंद्याचा हिशेब नाही.

आणि स्वस्तातल्या गाडीवर किलोवॅट-अवर लिहिलेलंच नसेल, "६० व्होल्ट ३० एएच" असं असेल, तर गुणाकार करा: १८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट. ती लेड-ॲसिड असेल तर टिकवायची म्हणून त्यातली निम्मीच धरा.

ताईंनी शेवटी २.५ ची बुक केली. शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, रेंज कमी पडेल हां." त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "माझे १४०० वॅट-अवर आहेत. किती कमी पडेल ते लिहून देता?" त्याने विषय बदलला. उरलेल्या २६ हजारांतून त्यांनी दुसरा गॅस शेगडी सेट आणि ३० जादा डबे घेतले.

तुमचा आठवड्याचा मीटरचा आकडा आणि किलोमीटर व्हिडिओखाली टाका. भागाकार मात्र आधी तुम्ही करून बघा.