दिल्लीचा लोहस्तंभ आणि त्याचा गंज

दिल्लीजवळ मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ आपल्या समाजात ठाऊक नाही असा माणूस विरळाच. सुमारे सात मीटर उंचीचा व सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ सोळाशे वर्षे ऊन, पाऊस आणि दंव सोसत उघड्यावर उभा आहे. त्यावरील संस्कृत लेखात ‘चंद्र’ नावाच्या राजाचे यश वर्णिले असून हा स्तंभ विष्णूचा ध्वज म्हणून उभारल्याचे म्हटले आहे. हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य, असे बहुतेक विद्वान मानतात. स्तंभाचा विषय निघाला की दोन विधाने हटकून कानी पडतात. एक, तो मुळीच गंजत नाही. आणि दुसरे, त्याचे लोखंड अत्यंत शुद्ध आहे म्हणून तो गंजत नाही. दोन्ही विधाने भक्तिभावाने केली जातात, आणि दोन्ही चुकीची आहेत.

प्रथम लोखंडाची घडण पाहू. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळून पाण्यासारखे वाहत नसे. लोहखनिज आणि लाकडी कोळसा यांचे थर रचून भात्याने वारा घातला म्हणजे तळाशी स्पंजासारखा लोखंडाचा गोळा जमे. तो तापलेला असतानाच ऐरणीवर ठेवून घणांनी ठोकला की त्यातील धातुमळी बाहेर पडे. (ही मळी साखर कारखान्यातील नव्हे, एवढे येथील वाचकांस सांगितलेले बरे!) असे वीस-तीस किलोंचे अनेक गोळे तापवून, एकावर एक ठोकून, सांधून हा स्तंभ घडविला आहे. तो ओतीव नाही.

आजच्या पोलादाच्या भट्टीत चुनखडी घालतात. ती खनिजातील फॉस्फरस आपल्याबरोबर मळीत ओढून नेते. जुन्या भट्टीत चुनखडी नव्हती. म्हणून फॉस्फरस लोखंडातच राहिला. स्तंभात त्याचे प्रमाण हजार भागांत अदमासे अडीच भाग आहे. आजच्या साध्या पोलादात ते अर्ध्या भागाहूनही कमी असते. म्हणजे धातुशास्त्र ज्याला अशुद्धी म्हणते, तिनेच स्तंभ राखला आहे.

कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेतील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी या राखणीची रीत उलगडून दाखविली. आरंभी हा स्तंभही इतर लोखंडाप्रमाणे गंजला. परंतु गंजताना लोखंडातील फॉस्फरस पृष्ठभागाशी साचत गेला, आणि त्याच्या योगाने धातूला लगटून एक दाट, चिवट थर तयार झाला. पुढे पावसाने भिजणे व उन्हात वाळणे हा क्रम शतकानुशतके चालू राहिला. त्यामुळे त्या थरात फॉस्फेटचे स्फटिक भरत जाऊन त्याची छिद्रे बुजली. साध्या लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे पाडतो. हा गंज सुटत नाही. थराची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकीही क्वचितच भरेल. तात्पर्य, गंजानेच स्तंभाचे गंजापासून रक्षण केले आहे.

दिल्लीची कोरडी हवाही साहाय्यक झाली, हे नाकारता येणार नाही. मॉरिशसच्या किनाऱ्यावर, जेथे खाऱ्या वाऱ्याने छपराचे पत्रे पाहता पाहता खाल्ले जातात, तेथे असा थर इतका टिकला असता काय, याची शंकाच आहे. कारण मीठ अशा आवरणाचा वैरी आहे. परंतु सारे श्रेय हवेला देणेही योग्य नाही. त्याच दिल्लीच्या हवेत साधे लोखंड गंजून झडतेच.

स्तंभाची मर्यादा त्याच्या पायाशी दिसते. 1961 साली तो जमिनीतून काढण्यात आला, तेव्हा पुरलेला भाग गंजाच्या जाड कवचाने वेढलेला व जागोजागी खड्डे पडलेला आढळला. लोखंड तेच, घडविणारे हातही तेच. पण मातीची ओल तेथे सतत राहिली, वाळण्याची पाळी आली नाही, म्हणून रक्षक थर जमलाच नाही. त्या भागाला शिशाचा पत्रा गुंडाळून, बांधीव चौथऱ्यात बसवून स्तंभ पुन्हा उभा करण्यात आला.

असे लोखंड आज सर्रास का करीत नाहीत, असाही प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर साधे आहे: फॉस्फरस अधिक असलेले लोखंड थंडीत ठिसूळ होते, आणि पुलाची तुळई तुटण्यापेक्षा तिला वेळोवेळी रंग देणे परवडते. प्राचीनांची विद्या हरवली म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे. त्या लोहारांना फॉस्फरसाचे नावही ठाऊक नव्हते. त्यांचे खरे कौशल्य सहा टनांचा तापलेला भार घणाखाली फिरवून सरळ, गोल स्तंभ घडविण्यात होते. आणि त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

स्तंभास पाठ लावून हात मागे जुळविले तर इच्छा पूर्ण होते, अशी समजूत असल्याने हजारो यात्रेकरूंनी त्याला मिठी मारली. घामात मीठ असते, आणि घासण्याने थर झिजतो. ज्या उंचीवर हात पोहोचत तेथे स्तंभ चकचकीत झालेला दिसे. अखेर 1997 साली त्याच्याभोवती कुंपण घालण्यात आले.