निनावी अर्ज, क्रॉफर्ड प्रकरण आणि किहीमचे एक लहानसे हॉटेल

१/ समजा, किहीममध्ये समुद्रालगत एक लहानसे हॉटेल आहे आणि तिथे सात जण कामाला आहेत. एके दिवशी कामगार निरीक्षकाकडे सहीविना पत्र येते: ‘पगारपत्रकावर सही मोठ्या आकड्यापुढे घेतात, हातात रक्कम कमी ठेवतात.’ हे पत्र फाडावे की वाचावे? माझे मत असे, की वाचावे. पण पुरावा म्हणून नव्हे, माग म्हणून.

२/ हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सन ११२ च्या सुमारास रोमन सम्राट ट्रेजन याने आपला प्रांताधिकारी प्लिनी याला निनावी आरोपपत्रांना खटल्यात स्थान देऊ नये, असे कळवले होते. कारण उघड होते: ज्याचा कर्ता ठाऊक नाही त्या आरोपाची उलटतपासणी होऊ शकत नाही आणि आरोपीला उत्तर द्यायला समोर कोणीच नसते.

३/ पण नाव सांगणाऱ्याचे काय होते? मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचे नाव मिळाले ते आर्थर क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचे आयुक्त झाले. बढत्या-बदल्यांसाठी ते मध्यस्थांमार्फत मामलेदारांकडून पैसे घेतात, अशी कुजबुज होती. परंतु उघडपणे बोलणार कोण? लाच देणे हाही गुन्हाच. साक्ष देणारा मामलेदार स्वतःच अडकला असता.

४/ गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने कोंडी फोडली. खरे सांगणाऱ्यास अभय मिळेल, असे वचन देण्यात आले आणि मामलेदार पुढे आले. १८८८ मध्ये पुण्यात तीन सदस्यांच्या आयोगापुढे चौकशी झाली. आयोगाने लाचखोरीचे आरोप सिद्ध मानले नाहीत. मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका कायम राहिला आणि क्रॉफर्ड यांची नोकरी गेली.

५/ खरी परीक्षा त्यानंतर झाली. लाच दिल्याची कबुली देणारे लोक न्यायदानाच्या जागी कसे राहू शकतात, असा गदारोळ इंग्लंडपर्यंत उठला. १८८९ मध्ये मामलेदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला, तरी काहींना पदे गमवावी लागली. सरकारने दिलेला शब्द पाळावा, म्हणून टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. ज्यांच्या साक्षीवर प्रकरण उभे राहिले, त्यांनाच किंमत मोजावी लागली. हे पाहिलेला पुढचा कारकून सही करील काय?

६/ स्वतंत्र भारतातही हाच पेच आला. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. तरीही त्यांचे पत्र कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. खटल्यात न्यायालयाने ती लुटीतून झाल्याचे मानले; पण गुप्ततेच्या विनंतीचे काय झाले, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

७/ एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव केला: तक्रारदाराने बंद लिफाफ्यात आपले नाव केंद्रीय दक्षता आयोगाला सांगावे आणि आयोगाने ते गुप्त राखावे. निनावी अर्ज मात्र या वाटेने चालत नाहीत. २०१३ च्या केंद्रीय आदेशानुसार तर आरोप कोणताही असो, निनावी तक्रारीवर कारवाई करायची नाही. बढतीच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पत्रे टाकण्याची खोड पाहता या कठोरपणामागचे कारण समजते. तरीही तो मला अपुरा वाटतो. नियमामुळे खोट्याबरोबर खरेही टोपलीत जाते.

८/ आता पुन्हा किहीमकडे येऊ. सात माणसांत ‘निनावी’ हा शब्द पोकळ असतो. ‘गेल्या शनिवारी मला कमी पैसे दिले’ एवढे वाक्य मालकाला दाखवले, की लिहिणारा ओळखू येतो. म्हणून जाणता निरीक्षक पत्र खिशातच ठेवतो. तो एका महिन्याचे नव्हे, सहा महिन्यांचे पगारपत्रक, हजेरीपट आणि बँकेच्या नोंदी मागतो. सातही जणांना एकेकटे बसवून तेच प्रश्न विचारतो. नोंदी आणि जबान्या जुळल्या नाहीत, तर प्रकरण त्यांच्यावर उभे राहते. पत्राची गरज संपते. काहीच आढळले नाही, तर मालकावर डाग लागत नाही.

९/ ही केवळ निरीक्षकाची हुशारी नव्हे. भारताने १९४९ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८१ क्रमांकाच्या करारानुसार निरीक्षकाने तक्रारीचा उगम पूर्ण गुप्त ठेवायचा असतो. आपली भेट तक्रारीवरून आहे, हेही मालकाला सांगायचे नसते.

१०/ या पद्धतीलाही मर्यादा आहे. जिथे कागद मागे राहत नाही, उदाहरणार्थ बंद खोलीतली धमकी, तिथे निनावी पत्र फार पुढे नेत नाही. लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. कुणाला तरी नावानिशी बोलावेच लागते. अशा वेळी त्याला दिलेले अभय टिकणार आहे का, हाच निर्णायक प्रश्न ठरतो. १८८९ च्या मामलेदारांना त्याचे पुरते उत्तर मिळाले नाही. सहीविना येणारे प्रत्येक खरे पत्र तोच प्रश्न पुन्हा विचारत असते.