आधी बीपी, मग चष्मा

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी सुरू झाली की पेठेत कुणालाच उसंत नसते. अशात आठवा महिना लागलेली सून म्हणाली, "आत्या, पुसट दिसतंय," तर उत्तर ठरलेलं असतं : अशक्तपणा असेल, मंचरला बाजाराला गेलो की चष्मा बघू. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं. निभावत नाही ती वेळ घरच्यांना ओळखता यावी, म्हणून हे लिहितोय.

गरोदरपणात अंगात पाणी साठतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातही ते थोडं साठतं, त्याची जाडी आणि गोलाई किंचित बदलते आणि चष्म्याचा नंबर सरकल्यासारखा वाटतो. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. हे धूसरपण हळूहळू येतं आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातं. म्हणून अगदीच अडत नसेल तर नवा नंबर बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी काढावा, नाहीतर तो चष्मा वाया जातो.

पण समजा, ती म्हणाली की सकाळपासून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, मध्येच काळा डाग येतोय, गोळी घेऊनही डोकं दुखायचं थांबत नाही. तोंडावर सूज आहे, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय. इथे चष्म्याच्या दुकानाचं काही काम नाही. विसाव्या आठवड्यानंतर काही बायकांचा रक्तदाब चढतो. मग डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो, कधी त्या पडद्याखाली पाणी साठतं. बीपी 140/90 किंवा वर असेल तर तपासणी हवीच. 160/110 म्हणजे आणीबाणी. लघवीतली प्रथिनंही बघतात. मात्र आकडा कमी आला म्हणून अशा बाईला घरी परत आणू नये. त्याच दिवशी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावं, रात्र असेल तर 108 ला फोन करावा. काढणी थांबेल, हे थांबत नाही. पुढची पायरी झटक्यांची असते. ते टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, आणि गरज पडली तर बाळंतपण लवकर करतात. वेळेवर उपचार झाले तर नजर बहुतेक वेळा परत येते.

दिवस जाण्याआधीपासून साखर असलेल्या बाईचं वेगळं. तिने धूसर दिसण्याची वाट न बघता पहिल्या तीन महिन्यांतच डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्यावा, पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा. नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. तिथे गेल्यावर थेंब टाकण्याआधी दिवस गेल्याचं सांगावं.

बाळ झालं की घरचे निर्धास्त होतात. पण चढलेला रक्तदाब बाळंतपणानंतरही, सहा आठवड्यांपर्यंत, डोकं वर काढू शकतो. बाळंतीण म्हणाली की डोकं फुटतंय आणि दिसायला पुसट झालंय, तर जागरणाला बोल लावण्याआधी तिचं बीपी मोजून घ्या.