‘जमणार नाही’ हे पत्र आपण मुलांना शिकवतो का?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

दहावीच्या उपयोजित लेखनात आपण पत्रलेखन शिकवतो. मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र. हल्ली प्रारूपही ई-मेलसारखंच असतं, सगळा मजकूर डाव्या बाजूने. दिनांक, प्रति, विषय, महोदय, शेवटी नाव, पत्ता, ई-मेल. मुलांना हे पाठ असतं. पण या पत्रांमध्ये आपण सतत काहीतरी मागतो किंवा कुणाचं तरी कौतुक करतो. कुणी आपल्याकडे काही मागितलं आणि ते आत्ता जमणार नसलं, तर काय लिहायचं? ते पत्र आपण वर्गात फारसं घेत नाही. मोठेपणी मात्र याच पत्राची गरज वारंवार पडते, आणि ते लिहिताना आपली, म्हणजे शिक्षकांचीही, भंबेरी उडते.

माझंच उदाहरण सांगते. शेजारच्या एका शाळेकडून १ डिसेंबरला मेल आला. पालकांसाठी ‘घरातलं वाचन’ या विषयावर कार्यशाळा घ्याल का, शनिवार, १३ डिसेंबर, दुपारी ३ ते ५. विषय माझ्या आवडीचा. पण त्या दुपारी आमच्या स्नेहसंमेलनाची तालीम, आणि ती माझ्याकडे. मी घाईघाईत जे लिहिलं ते असं होतं:

“आपले निमंत्रण मिळाले, खूप आनंद झाला. सध्या थोडी धावपळ सुरू आहे. १३ तारखेला जमेल असे वाटत नाही, तरी प्रयत्न करते. पुढे कधीतरी नक्की येईन.”

ऐकायला गोड आहे ना? आता हे पत्र मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून वाचा. बाई येणार की नाही? दुसरा वक्ता शोधायचा की थांबायचं? ‘प्रयत्न करते’ वाचून ते थांबणार. १० तारखेला पुन्हा फोन करणार. मग मी ‘नाही’ म्हणणार, आणि त्यांच्या हातात उरणार तीन दिवस. म्हणजे ज्या पत्राला मी नम्र समजत होते, त्याने समोरच्याचे नऊ दिवस खाल्ले असते. सुदैवाने पाठवण्याआधी मी ते मोठ्याने वाचलं आणि खोडलं.

माझं म्हणणं असं आहे: नकार स्पष्ट असला की तो उद्धट होतो, ही आपली समजूत चुकीची आहे. मराठीत ‘बघते’, ‘कळवते’, ‘जमवू काहीतरी’ हे शब्द समोरासमोर बोलताना चालतात, कारण ऐकणारा आपला चेहरा बघून अर्थ काढतो. मेलमध्ये चेहरा नसतो. तिथे ‘येता येणार नाही’ हे तीन शब्द लिहावेच लागतात. नम्रपणा त्यांच्या आजूबाजूला ठेवायचा, त्यांच्या जागी नाही.

दुसरी अडचण ‘पुढे कधीतरी’ची. पुढची तारीख द्यायची तर आधी कॅलेंडर उघडावं लागतं. मी उघडलं. २० डिसेंबरला संमेलन. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घटक चाचणी. त्यानंतर दोन तुकड्यांच्या मिळून ११० उत्तरपत्रिका. एकीला सहा-सात मिनिटं धरली तरी बारा तासांचं काम. म्हणजे १० जानेवारी गेली. २४ जानेवारी मोकळी दिसत होती, पण दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन. त्या शनिवारी कवायतीची तालीम हमखास लागते. ती तारीख दिली असती तर दुसऱ्यांदा नकार द्यावा लागला असता, आणि दुसऱ्या नकाराला कितीही साखर लावली तरी तो कडूच लागतो. उरल्या १७ आणि ३१ जानेवारी. त्या दोन्ही मी आधी माझ्या कॅलेंडरात लिहिल्या आणि मगच मेल लिहिला:

“आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.
पालकांच्या वाचन-कार्यशाळेसाठी माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे. १३ डिसेंबरला मला येता येणार नाही. त्या दुपारी आमच्या स्नेहसंमेलनाची तालीम आहे आणि ती जबाबदारी माझ्याकडे आहे.
कार्यशाळा पुढे नेणं आपल्याला सोयीचं असेल, तर शनिवार, १७ जानेवारी किंवा शनिवार, ३१ जानेवारी, दुपारी ३ ते ५ या वेळेत मी येऊ शकेन. १० डिसेंबरपर्यंत या दोन्ही तारखा आपल्यासाठी मोकळ्या ठेवते.
१३ तारखेलाच कार्यक्रम करायचा असल्यास कृपया दुसऱ्या मार्गदर्शकांना जरूर बोलवावं.
कळावे.”

यात कारण एकाच वाक्यात आहे. ११० उत्तरपत्रिका, संमेलन, चाचणी हे सगळं मी लिहिलं नाही. कारणांची यादी लांबली की वाचणाऱ्याला वाटतं, बाई सबब सांगतायत. शिवाय प्रत्येक कारणावर तोडगा सुचवायला त्याला जागा मिळते: “तालीम चारला संपत असेल तर साडेचारला या!” ‘१० डिसेंबरपर्यंत’ हे मात्र मुद्दाम लिहिलं. मुदत नसेल तर त्या दोन शनिवारांवर मी जानेवारीपर्यंत दुसरं काहीच ठरवू शकत नाही. आणि शेवटचं वाक्य त्यांना मोकळं करणारं आहे: माझ्यासाठी थांबायची गरज नाही.

आता एक मर्यादा. प्रत्येक नकाराला पुढची तारीख जोडायची नसते. तेच निमंत्रण वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षणाचं असतं, तर स्पर्धा माझ्यासाठी कुणी पुढे ढकलणार नाही. तिथे ‘जानेवारीत येईन’ लिहिणं हास्यास्पद. साधा नकार द्यायचा, आणि होकार मिळण्यासारखं दुसरं नाव माहीत असेल तर त्या व्यक्तीला विचारून ते सुचवायचं. तसंच, काम मुळात करायचंच नसेल तर तारीख देऊ नये. ती तारीख येते! आणि निवडणुकीच्या कामाचा आदेश आला तर त्याला असला मेल चालत नाही. तो आदेश असतो, निमंत्रण नसतं.

वर्गात हे एका तासात घेता येतं. मुलांच्या जोड्या करा. एकाने निमंत्रण लिहायचं: मित्राच्या सोसायटीतल्या नाटकात काम करशील का? दुसऱ्याला त्याच्या आठवड्याचं खरंखुरं वेळापत्रक समोर ठेवून उत्तर लिहायला सांगा. मग पत्रं बदला आणि वाचणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: “हे वाचून तू आता काय करणार?” उत्तर ‘थांबणार’ किंवा ‘परत विचारणार’ असं आलं, तर पत्र पुन्हा लिहायचं. गुण देताना मी प्रारूपापेक्षा याच प्रश्नाच्या उत्तराला जास्त देते.

पालकांना एक विनंती. नको असलेला फोन आला की आपण मुलाला सांगतो, “बाबा घरी नाहीत म्हणून सांग.” नकार द्यायची मुलाने पाहिलेली ही पहिली पद्धत असते. पुढच्या वेळी फोन स्वतः घ्या आणि त्याच्यासमोर म्हणा, “या रविवारी नाही जमणार, पुढच्या रविवारी अकराला चालेल का?” आणि त्या रविवारी अकराला खरंच जा.